कोपरे कितीही असोत, वजा चारच: गच्चीच्या कठड्याचा हिशोब

माझ्या मावसभावाच्या घराची गच्ची पूर्ण झाली, तेव्हा फाटकाशेजारी विटांचा एक नीट रचलेला ढीग उरला होता. मोजला तर सहाशेच्या आसपास विटा निघाल्या. कठडा बांधून झाला होता, त्याच्या माथ्यावरचे काँक्रीटचे कोपिंगही पडले होते आणि त्या विटांचे आता काय करायचे हा प्रश्न घरात चर्चेला आला होता. विटांची मागणी कशी काढली असे विचारल्यावर सरळ उत्तर मिळाले: गच्चीची परिमिती गुणिले उंची गुणिले जाडी, आणि घनमीटरला ५०० विटा. सूत्र शाळेतले आहे आणि दिसायला निर्दोष आहे. पण त्यातील परिमिती, उंची, जाडी आणि ५०० या चारही आकड्यांत प्रत्येकी एक खोच आहे.

आधी गच्चीचा आकार पाहू. ती १२ मीटर बाय ९ मीटर असून तिचा एक कोपरा ४ बाय ३ मीटरने कापलेला आहे, म्हणजे आकार इंग्रजी एल अक्षरासारखा. बाहेरच्या बाजू अनुक्रमे १२, ९, ८, ३, ४ आणि ६ मीटर भरतात आणि त्यांची बेरीज ४२ होते. कोपरा कापल्याने परिमिती कमी व्हायला हवी असे वाटते, पण पूर्ण आयताचीही परिमिती ४२ मीटरच आहे. जिन्याची खोली कडेपासून आत असल्यामुळे कठडा सलग फिरतो. भिंत एका विटेची, म्हणजे २३० मिलिमीटर जाडीची आहे.

उंचीची खोच लवकर उरकते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कठडा किमान १ मीटर उंच हवा, आणि ही उंची तयार झालेल्या फरशीपासून मोजायची असते, उघड्या स्लॅबपासून नव्हे. भिंत मात्र स्लॅबवर उभी राहते आणि नंतर तिच्या आत विटांच्या तुकड्यांचा जलरोधक कोबा चढतो. या घरी तो कठड्यालगत साडेचार इंचांचा, म्हणजे सुमारे ११५ मिलिमीटरचा होता. एक मीटरमध्ये हे ११५ मिलिमीटर मिळवले आणि वर येणाऱ्या कोपिंगची ७५ मिलिमीटर जाडी वजा केली, की विटांचे काम १.०४ मीटर उंच येते. वीट ७० मिलिमीटर उंच आणि सांधा १० मिलिमीटरचा धरला तर एक थर ८० मिलिमीटरचा होतो, म्हणजे बरोबर १३ थर. कोब्याचा विचार न करता स्लॅबपासून एक मीटर मोजणाऱ्या घरांत, कोबा झाल्यावर कठडा मांडीला लागतो.

आता परिमितीकडे वळतो, कारण मला सर्वांत आवडणारी गोष्ट येथे आहे. स्लॅबच्या बाहेरच्या कडेने टेप धरून ४२ मीटर मोजले, तर ते भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठाचे माप झाले. भिंतीने व्यापलेली जागा काढायची असेल तर तिच्या जाडीच्या मधोमध धावणाऱ्या रेषेची लांबी घ्यावी लागते. ती जाडीने गुणली की क्षेत्रफळ अचूक येते, कोपऱ्यातला चौरस दोनदा मोजला जात नाही. ही मध्यरेषा बाहेरच्या रेषेपेक्षा किती लहान असते?

एका बाहेरच्या कोपऱ्यापाशी उभे राहून पाहा. तेथे मिळणाऱ्या दोन बाजूंपैकी प्रत्येकीची मध्यरेषा भिंतीच्या अर्ध्या जाडीने आधीच थांबते, म्हणून दोन्ही मिळून एक पूर्ण जाडी कमी होते. आतल्या बाजूला वळणाऱ्या कोपऱ्यात याच्या उलट घडते आणि एक जाडी वाढते. म्हणजे बाहेरचे कोपरे वजा, आतले कोपरे अधिक. आपल्या गच्चीला बाहेरचे पाच आणि आतला एक कोपरा आहे; पाचातून एक गेला की उरले चार. गंमत अशी, की हे चार काही या गच्चीपुरते नाहीत. कठड्याच्या कडेने एक फेरी मारा. प्रत्येक बाहेरच्या कोपऱ्यात तुम्ही एकीकडे ९० अंशांत वळता, आतल्या कोपऱ्यात दुसरीकडे तेवढेच वळता, आणि मूळ जागी मूळ दिशेला तोंड करून परत येता तेव्हा एकूण वळण ३६० अंशांचेच झालेले असते. ३६० म्हणजे चार काटकोन. म्हणून सर्व कोपरे काटकोनी असतील, तर गच्ची एल आकाराची असो, टी आकाराची असो किंवा पायऱ्यापायऱ्यांची असो, बाहेरचे कोपरे आतल्यांपेक्षा नेमके चारनेच जास्त भरतात आणि सूत्र एकच राहते:

मध्यरेषेची लांबी = बाहेरील परिमिती − ४ × जाडी

आपल्या बाबतीत ४२ वजा ०.९२, म्हणजे ४१.०८ मीटर. गच्चीच्या मध्ये उजेडासाठी सोडलेला चौक असेल आणि त्याभोवती कठडा असेल, तर भिंत चौकाच्या बाहेरच्या अंगाला असते. म्हणून चौकाच्या बाजूने मोजलेल्या परिमितीत त्याच चार जाड्या मिळवायच्या.

ज्यांना भूमिती नकोशी आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. कोपरा काटकोनी नसून दिशा जितक्या अंशांनी बदलते त्या कोनाला वळणकोन म्हटले, तर वजाबाकी जाडी गुणिले अर्ध्या वळणकोनाचा टॅन्जंट इतकी असते. काटकोनासाठी अर्धा कोन ४५ अंश, त्याचा टॅन्जंट १, म्हणून एक जाडी. तोच कोपरा तिरका छाटून ४५ अंशांची दोन वळणे केली, तर साडेबावीस अंशांच्या टॅन्जंटची दुप्पट, म्हणजे ०.८३ जाडी. वळणे वाढवत कोपरा गोल केला की हा आकडा ०.७९ वर येऊन टेकतो. आयताकृती गच्चीचे चारही कोपरे गोल केले तर चार जाड्यांच्या जागी ३.१४ जाड्या वजा होतात. π चा प्रवेश असा आपोआप होतो.

आता विटा. घनमीटरला ५०० हा आकडा हवेतून आलेला नाही. भारतीय मानक १०७७ मधील मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची असते. दहा मिलिमीटरचा सांधा धरला की ती २०० × १०० × १०० होते आणि एका घनमीटरमध्ये बरोबर ५०० बसतात. पण भावाकडे आलेली वीट त्याच मानकातील दुसऱ्या मापाची, २३० × ११० × ७० ची होती. सांध्यासह तिचे २४० × १२० × ८० होतात आणि घनमीटरला ४३४ विटा पडतात. बाहेरची परिमिती आणि ५०० धरून त्याच्या हिशोबात ५,०२३ विटा आल्या, वर पाच टक्के तुटीसाठी धरून सुमारे ५,२७५ मागवल्या गेल्या. मोबाइलवरची बरीच बांधकाम-गणकयंत्रे विटेचे माप न विचारता हाच ५०० चा आकडा वापरतात आणि उत्तर दशांशात देतात, त्यामुळे ते फार काटेकोर असल्याचा भास होतो.

तर मग ४३४ वापरला की झाले? नाही. ४१.०८ × १.०४ × ०.२३ म्हणजे ९.८३ घनमीटर, गुणिले ४३४, म्हणजे सुमारे ४,२६५ विटा येतात, आणि एवढ्या आणल्या तर शेवटचा अर्धा थर अडतो. याचे कारण जाडीत आहे. २३० मिलिमीटरच्या भिंतीत आडव्या अंगाने ११० ची एक वीट, १० चा सांधा आणि ११० ची दुसरी वीट असते. विटा दोन, पण त्यांच्यामध्ये सांधा एकच. भिंतीच्या पृष्ठावर सांधा नसतो. घनफळाच्या सूत्राने मात्र प्रत्येक विटेसोबत एक सांधा धरलेला असतो, म्हणजे त्याच्या मते दोन विटांना २४० मिलिमीटर जाडी हवी. लांबीत ही चूक होत नाही, कारण कठडा बंद कडे आहे आणि त्यात विटा जितक्या तितकेच सांधे. उंचीतही प्रत्येक थराखाली सांधा असतो. फक्त जाडीत एक सांधा जास्त मोजला जातो.

म्हणून कठड्यासारख्या पातळ भिंतीत घनफळ बाजूला ठेवून थर मोजावेत. एका थरात दर २४० मिलिमीटरला दोन विटा बसतात. त्या लांबीने लावल्या काय किंवा आडव्या लावल्या काय, संख्या तीच. ४१.०८ ला ०.२४ ने भागून दुप्पट केले की थराला ३४२ विटा, आणि १३ थरांना सुमारे ४,४५०. घनफळाच्या रीतीपेक्षा या चार टक्क्यांहून थोड्या जास्त आहेत. अर्ध्या विटेच्या, ११० मिलिमीटरच्या कठड्यात हाच फरक नऊ टक्क्यांवर जातो. तुटीसाठी पाच टक्के धरले तर ४,६७५ विटा लागतात, आणि ५,२७५ मधून त्या गेल्या की उरतो फाटकाजवळचा तो ढीग.

हे सर्व वीट खरोखर त्या मापाची असेल तरच. भट्टीवरच्या विटा आखडतात, वाकतात, म्हणून एका विटेवर टेप लावून उपयोग नाही. मानकातली रीत सोपी आहे: वीस विटा एकमेकींना चिकटवून एका ओळीत मांडायच्या आणि ओळ मोजायची. या विटेसाठी लांबीची ओळ ४,५२० ते ४,६८० मिलिमीटरच्या आत यायला हवी. त्याबाहेर गेली तर २४० चा आकडाच बदलावा लागेल.

याच घरी दक्षिण आणि पश्चिमेचा कठडा वास्तुशास्त्रानुसार एक थर उंच करावा असाही सल्ला आला होता. त्या दोन दिशांची लांबी २१ मीटर भरते, म्हणजे त्या एका थराला १७५ विटा. भिंतीला दिशा कळत नाही; पडण्याची भीती चारही बाजूंना सारखीच असते.

कोपिंगचा हिशोब त्या मानाने सरळ आहे. ते भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखेच, ५० मिलिमीटर बाहेर काढले तर त्याची मध्यरेषा भिंतीच्याच मध्यरेषेवर पडते आणि लांबी तीच ४१.०८ मीटर राहते. रुंदी ३३० मिलिमीटर. वरचा उतार गच्चीकडे ठेवतात, बाहेरची कड ८५ आणि आतली ६५, म्हणून सरासरी ७५ मिलिमीटर. घनफळ १.०२ घनमीटर. काँक्रीट कोरड्या मालापेक्षा आकसते, कारण वाळू खडीच्या पोकळ्यांत आणि सिमेंट वाळूच्या पोकळ्यांत शिरते. म्हणून कोरडा माल १.५४ पट, म्हणजे १.५७ घनमीटर धरतात. १:२:४ प्रमाणात सिमेंट त्याचा सातवा भाग, सुमारे साडेसहा गोणी, म्हणून सात मागवाव्यात. वाळू ०.४५ आणि खडी ०.९ घनमीटर. पातळ थर असल्याने खडी बारीक, १० ते १२ मिलिमीटरची घ्यावी.

बाहेर काढलेल्या ५० पैकी सुमारे २० मिलिमीटर बाहेरचा गिलावा खातो आणि प्रत्यक्षात ३० उरतात. पाणी कोपिंगच्या खालच्या अंगाला चिकटून भिंतीकडे सरकते. ते तुटून खाली पडावे म्हणून त्या उरलेल्या पट्टीत, गिलाव्याच्या पुढे, एक खाच ठेवावी लागते. सेंट्रिंगच्या फळीवर पातळ पट्टी ठोकून ठेवली की ती आपोआप उमटते. नंतर छिन्नीने करायला गेले की कडच तुटते.

दुसरा दोष उन्हाचा आहे. काँक्रीट अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१ मिलिमीटर वाढते, भाजलेली वीट त्याच्या जवळजवळ निम्मी. १२ मीटरची सलग कोपिंगपट्टी ३० अंशांनी तापली की साडेतीन मिलिमीटर लांबते आणि खालची भिंत तेवढी येत नाही. म्हणून दर तीन-चार मीटरला कोपिंगमध्ये आरपार सांधा सोडून तो लवचीक मसाल्याने भरतात. तो सोडला नसेल तर एक-दोन उन्हाळ्यांत कोपिंगच्या लगेच खाली आडवी, केसासारखी भेग दिसते आणि कोपऱ्यावरच्या वरच्या एक-दोन विटा बाहेर सरकलेल्या असतात. कोपऱ्यावर ओळंबा सोडला तर तो खालच्या थरांना टेकण्याऐवजी वरच्या थराला अडून लोंबतो.