हिप-व्हॅली छताचे बीआयएम मॉडेल (अनियमित आराखड्यावरील)

आत-बाहेर वळणाऱ्या भिंतींच्या इमारतीवर चहूबाजूंनी उतरणारे छत बीआयएम प्रणालीत, म्हणजे इमारतीचे माहितीसह त्रिमितीय मॉडेल करणाऱ्या संगणक प्रणालीत, रचण्याची पद्धत. छताची दोन पाखी बाहेरच्या कोपऱ्यावर जिथे मिळतात, त्या उंचावलेल्या तिरक्या कडेला हिप म्हणतात. आतल्या कोपऱ्यावरून वर जाणाऱ्या खोलगट रेषेला व्हॅली म्हणतात, आणि पावसाचे पाणी तिच्यातून वाहते. सर्वांत वरची आडवी कड म्हणजे आढे. येथील वर्णन रेव्हिट या प्रणालीतील `Roof by Footprint` या आज्ञेला धरून आहे.

या आज्ञेत छताची बाह्यरेषा जमिनीच्या आराखड्यावर आखली जाते. `Pick Walls` वापरल्यास ती भिंतींवरून उचलली जाते आणि `Overhang` मध्ये दिलेल्या अंतराइतकी बाहेर सरकते. ज्या रेषेला `Defines Slope` लावलेले असते, तिच्यावरून एक पाखे वर चढते; ते काढून टाकल्यास त्या बाजूला त्रिकोणी भिंतीची जागा उरते. हिप, व्हॅली व आढे स्वतंत्रपणे काढावी लागत नाहीत, कारण ती पाख्यांच्या छेदातून आपोआप तयार होतात. म्हणूनच मॉडेल करणाऱ्याला छेदाचा नियम आधी ठाऊक हवा: सर्व पाख्यांचा उतार आणि वळचणीची उंची सारखी असेल, तर आराखड्यात हिप किंवा व्हॅली त्या कोपऱ्याच्या कोनाचे दोन समान भाग करते. कोपरा काटकोनी असो वा नसो, हा नियम टिकतो.

इंग्रजी एल् आकाराची एक इमारत घेऊ. मोठी विंग 8 मीटर रुंद व 14 मीटर लांब आहे; तिच्या एका टोकाशी, बाहेरची भिंत एका रेषेत ठेवून, 6 मीटर रुंदीची लहान विंग काटकोनात 7 मीटर पुढे आली आहे. उतार सर्वत्र 30 अंश धरल्यास मोठ्या विंगचे आढे भिंतीच्या रेषेपासून 4 × tan 30°, म्हणजे 2.31 मीटर उंचीवर येते आणि लहान विंगचे 1.73 मीटरवर. दोन्ही आढी एका पातळीत नसल्याने ती थेट एकमेकांना मिळू शकत नाहीत. आतल्या कोपऱ्यावरून निघालेली व्हॅली लहान विंगच्या आढ्यापाशी संपते आणि तिथून मोठ्या आढ्यापर्यंत एक आखूड हिप चढते, जिची आराखड्यातील लांबी सुमारे 1.41 मीटर असते. हाताने काढलेल्या नकाशांत ही रेषा सहज राहून जाऊ शकते. मॉडेलमध्ये ती दिसली की ती चूक समजून उतार बदलण्याचा मोह होतो, पण ती भूमितीने अपरिहार्य आहे.

दोन्ही आढी एकाच उंचीवर हवी असतील, तर लहान विंगच्या दोन्ही लांब बाजूंचा उतार सुमारे 37.6 अंश करावा लागतो. मग व्हॅली 45 अंशांवर राहत नाही; मोठ्या विंगच्या आतल्या भिंतीला लंब असलेल्या दिशेशी ती सुमारे 36.9 अंशांचा कोन करते. शिवाय 600 मि.मी. बाहेर आलेली वळचण एका बाजूला 346, तर दुसऱ्या बाजूला 462 मि.मी. खाली उतरते, त्यामुळे कडेची फळी कोपऱ्यावर जुळत नाही. `Align Eaves` ने लहान विंगचा बाहेरचा भाग 450 मि.मी.वर आणल्यास दोन्ही कडा एका पातळीत येतात. वळचणीची रुंदी सारखीच हवी असेल, तर त्या पाख्यांचा पायाच वर उचलावा लागतो आणि आढ्याचे गणित पुन्हा मांडावे लागते.

भिंतीतील बारीकशी ठोकर फार त्रास देते. सलग दिसणारी भिंत मध्येच 20 मि.मी. मागे गेली असेल, तर `Pick Walls` तो तुकडाही उचलते आणि त्यालाही उतार मिळतो. त्याच्या दोन टोकांवरून एक हिप व एक व्हॅली समांतर निघतात आणि आराखड्यात अवघी 14 मि.मी. रुंदीची चिंचोळी पट्टी आढ्याच्या दिशेने तिरकी वर जाते. छताच्या नकाशात रेषा बारीक करून पाहिल्यास ही दुहेरी तिरकी रेषा ओळखू येते. अशा ठिकाणी छताची बाह्यरेषा भिंतीचा हट्ट सोडून सरळ आखावी आणि ती ठोकर वळचणीखाली झाकू द्यावी.

विंगच्या समोरासमोरच्या भिंती समांतर नसतील, तर समान उताराचे आढे आडवे राहत नाही. रुंदी 6 मीटरवरून 5 मीटरवर येत असल्यास 30 अंशांच्या उताराचे आढे सुमारे 290 मि.मी. खाली झुकते. या आज्ञेतील प्रत्येक पाखे सपाट असते, त्यामुळे पाखे पिळून आढे आडवे करता येत नाही. एका बाजूचा उतार वाढवूनही उपयोग होत नाही: वळचण पातळीत आणि पाखी सपाट असतील, तर आढे झुकणारच. अशा वेळी झुकलेले आढे स्वीकारावे, किंवा बाह्यरेषा समांतर आखून एका बाजूची वळचण निमुळती होऊ द्यावी.

समान उताराच्या छताची पडताळणी क्षेत्रफळाने करता येते. वरील इमारतीत 600 मि.मी. वळचणीसह आराखड्याचे क्षेत्रफळ 190.24 चौ.मी. भरते, त्याला cos 30° ने भागल्यास छताचा पृष्ठभाग सुमारे 219.7 चौ.मी. येतो, मग हिप आणि व्हॅली कितीही असोत. प्रणालीच्या तक्त्यातील आकडा यापासून ठळकपणे वेगळा असेल, तर एखाद्या कडेचा उतार वेगळा भरला गेला आहे, असे समजावे. व्हॅलीचा स्वतःचा उतार मात्र वेगळा मोजावा लागतो: काटकोनी कोपऱ्यावर 30 अंशांच्या पाख्यांमधील व्हॅली केवळ 22.2 अंशांनी उतरते, आणि दोन पाख्यांचे पाणी तिच्यातूनच जाते. कौलारू छतासाठी किमान उताराची अट तपासताना पाख्याबरोबर हा कोनही पाहावा. व्हॅलीतील पत्र्याची पन्हाळ छताबरोबर आपोआप तयार होत नाही. ती स्वतंत्र घटक म्हणून रचावी लागते.