अर्जांची छाननी: ‘पूर्ण’ आणि ‘अपूर्ण’ आम्ही कसे ठरवतो

तुमच्या नोकरीच्या जाहिरातीला आलेले अर्ज आमच्याकडे येतात, तेव्हा आम्ही त्यांची क्रमवारी लावत नाही आणि गुणही देत नाही. जाहिरातीत दिलेली प्रत्येक किमान अट वेगळी घेऊन, ती या अर्जातून पूर्ण होते की नाही एवढेच पाहतो. प्रत्येक अर्जदारामागे तुम्हाला एक तक्ता मिळतो. त्यात अट, तिच्यापुढे ‘पूर्ण’ किंवा ‘अपूर्ण’, आणि अर्जातल्या ज्या ओळीवरून ते ठरवले ती ओळ असते. एक अट अपूर्ण राहिली की अर्ज पुढे जात नाही. अनुभव दहा वर्षांचा आहे म्हणून नसलेली पदवी भरून निघत नाही. तशी सूट द्यायची असेल तर ती अटीतच लिहिलेली हवी, म्हणजे सगळ्याच अर्जदारांना मिळेल.

खरे काम अर्ज उघडण्याआधीचे असते. ‘लेखा कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव’ ही अट वाचायला सरळ वाटते, पण तिच्यावर हो-नाही ठरवायला बसलो की प्रश्न निघतात. दोन वर्षे कोणत्या तारखेपर्यंत मोजायची? दोन नोकऱ्या एकाच वेळी केल्या असतील तर? मध्ये खंड पडला असेल तर? म्हणून आधी तुमच्याबरोबर बसून अट अशी लिहून घेतो: ‘अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत लेखा कामाचे एकूण 24 महिने, एकावर एक आलेले महिने एकदाच धरायचे, मधला खंड चालेल.’

हे किती कामाला येते ते एका नमुना अर्जावरून पाहा. शेवटची तारीख 31 ऑक्टोबर 2024. अर्जदाराची पहिली नोकरी जून 2022 ते मे 2023, म्हणजे 12 महिने. दुसरी मार्च 2023 ते फेब्रुवारी 2024, हेही 12. वरवर पाहणारा इथेच 24 धरून ‘पूर्ण’ लिहून मोकळा होईल. पण मार्च, एप्रिल आणि मे 2023 हे तीन महिने दोन्हीकडे आले आहेत. ते एकदाच धरले की उरतात 21. मग पाच महिने काम नाही, आणि ऑगस्ट 2024 पासून सध्याची नोकरी. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर मिळवले की बरोबर 24. अट पूर्ण. हाच हिशेब अर्ज पाठवल्याच्या दिवसापर्यंत, समजा 10 ऑक्टोबरपर्यंत केला असता तर हाच माणूस बाहेर गेला असता. तक्त्यात त्याची नोंद अशी दिसेल:

अट 2 (लेखा काम, 24 महिने): पूर्ण. आधार: अर्ज, पान 2, तिन्ही नोकऱ्यांच्या तारखा. 12 + 12 − 3 + 3 = 24.

आता दुसरा अर्ज. त्यात फक्त ‘लेखा सहायक, 2022 ते 2024’ एवढेच आहे. डिसेंबर 2022 ते जानेवारी 2024 असेल तर 14 महिने होतात. जानेवारी 2022 पासून शेवटच्या तारखेपर्यंत असेल तर 34. अंदाजाने आम्ही ‘पूर्ण’ लिहीत नाही. लिहितो ‘अपूर्ण’, आणि पुढे कारण: ‘महिने दिलेले नाहीत’. ‘अट पूर्ण होत नाही’ आणि ‘अर्जातून कळत नाही’ ही दोन कारणे आम्ही कटाक्षाने वेगळी ठेवतो, कारण दुसऱ्या गटातल्यांना एक प्रश्न विचारून माहिती मागवता येते. मात्र विचारायचे तर त्या गटातल्या सगळ्यांना, तोच प्रश्न आणि तीच मुदत. ओळखीच्या एकालाच फोन करून विचारले तर छाननीला अर्थ उरत नाही, आणि या बाबतीत आम्ही अडून बसतो.

काही अर्ज आमची दोन माणसे एकमेकांचे न पाहता तपासतात. दोघांचे उत्तर वेगळे आले तर बहुतेक वेळा अटीचे वाक्य सैल निघते. ‘पदवी किंवा समकक्ष’ यातला ‘समकक्ष’ हा नेहमीचा अडथळा. कोणत्या पदविका चालतील त्यांची नावे आधीच लिहून दिलीत तर तो राहत नाही. ‘संवादकौशल्य उत्तम हवे’ असली अपेक्षा कागदावरून ठरत नाही. ती मुलाखतीसाठी ठेवा, किमान अटींत घालू नका.

छाननी सुरू झाल्यावर अट बदलायची असेल तर जरूर सांगा, पण मग आधी तपासलेले सगळे अर्जही त्या अटीपुरते पुन्हा तपासावे लागतात आणि त्याला वेळ लागतो. एखाद्या अटीपुढे जवळजवळ प्रत्येक अर्जात ‘अपूर्ण’ येत असेल तर आम्ही काम थांबवून तुम्हाला कळवतो. ती अट कामाला खरेच लागते का, हे तुम्हीच सांगू शकता.

तक्त्यातला ‘पूर्ण’ हा शेरा अर्जात जे लिहिले आहे त्यावरचा असतो. लिहिलेले खरे आहे का, हे त्यातून कळत नाही. मूळ प्रमाणपत्रे आणि आधीच्या नोकरीची पत्रे मुलाखतीच्या वेळी तुम्हाला पाहावी लागतील. त्यासाठी कोणत्या अटीला कोणता कागद मागायचा, याची यादी आम्ही तक्त्यासोबत जोडून देतो.