बाकावर कोणी बसायचे आणि किती पुढे यायचे: चौथे पंच आणि तांत्रिक क्षेत्राचे नियम

गोव्यातील फुटबॉल सामन्यांत खेळ सुरू होण्यापूर्वीच एखाद्या संघाच्या बाकावरून कोणाला तरी उठवले जाते आणि तेथेच पहिला वाद पेटतो. उठवणारे चौथे पंच असतात. उठावे लागणारी व्यक्ती बहुधा क्लबसाठी वर्षभर पदरमोड करणारी असते, त्यामुळे तिला तो अपमान वाटतो. वास्तविक येथे मानापमानाचा प्रश्नच नसतो. ज्याचे नाव सामन्यापूर्वी पंचांकडे दिलेल्या यादीत आहे, त्यालाच तांत्रिक क्षेत्रात, म्हणजे संघाच्या बाकाभोवती ठरवून दिलेल्या जागेत, बसता येते, आणि ती यादी घाईघाईत भरली जाते.

तांत्रिक क्षेत्रात किती जण बसू शकतात आणि त्यांची ओळख कशी पटवायची, हे त्या त्या स्पर्धेची नियमावली ठरवते. म्हणून आपल्या स्पर्धेची नियमावली मागून घेऊन तिच्यातील बाकाची संख्या, लागणारी ओळखपत्रे आणि यादी देण्याची वेळ आधी वाचावी. राखीव खेळाडूंची नावे सामना सुरू होण्यापूर्वी दिली नसतील, तर त्या सामन्यात ते उतरू शकत नाहीत. बस उशिरा पोहोचली, हे कारण चौथ्या पंचांना सांगून उपयोग होत नाही, कारण सवलत देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नसतो.

यादीत सर्वाधिक चुकणारी बाब म्हणजे पदाचा रकाना. अनेक क्लब तेथे सर्वांपुढे ‘संघ अधिकारी’ एवढेच लिहितात. मुख्य प्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक, फिजिओ किंवा डॉक्टर असा स्पष्ट उल्लेख हवा, कारण पुढची जबाबदारी त्यावरून ठरते. बाकावरून गुन्हा घडला आणि तो कोणी केला हे ओळखता आले नाही, तर त्याची शिक्षा त्या वेळी तांत्रिक क्षेत्रात हजर असलेल्या सर्वांत वरिष्ठ प्रशिक्षकाला होते. ज्यांना शांत बसणे जमत नाही अशा हितचिंतकांना बाकावर जागा देताना क्लबांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्यांच्या ओरडण्याची किंमत प्रशिक्षकाला मोजावी लागू शकते.

वैद्यकीय व्यक्तीचे नाव तर आवर्जून घालावे. फिजिओला लाल कार्ड मिळाले आणि संघाकडे दुसरी वैद्यकीय व्यक्ती नसली, तर खेळाडूंवर उपचार करण्यासाठी त्याला थांबू दिले जाऊ शकते. ही मुभा केवळ वैद्यकीय व्यक्तीपुरती आहे. पाण्याच्या बाटल्या सांभाळणाऱ्या मुलाला ऐनवेळी फिजिओ म्हणून पुढे करणाऱ्या संघाला तिचा आधार मिळत नाही.

तांत्रिक क्षेत्राची हद्द साधी आहे. बसण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना 1 मीटर आणि पुढे टचलाइनपासून 1 मीटर अलीकडेपर्यंत ते पसरते. म्हणजे बाक 8 मीटर लांब असेल, तर क्षेत्र 10 मीटर रुंद होते. फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमसारख्या ठिकाणी बाकांची जागा ठरलेली असते. गावच्या मैदानावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या असतात आणि पुढे रेषाच नसते. अशा ठिकाणी आयोजकांनी फक्कीने रेषा आखून घ्यावी, आणि ती नसेल तर प्रशिक्षकाने सामन्यापूर्वीच पंचांना हद्द दाखवायला सांगावे. उभे राहून सूचना देण्यास मनाई नाही, परंतु एका वेळी एकानेच त्या द्याव्यात. प्रशिक्षक आणि सहायक दोघे मिळून ओरडू लागले की चौथे पंच एकाला बसवतात, आणि ते योग्यच असते.

चौथे पंच स्वतः कार्ड दाखवत नाहीत, त्यामुळे त्यांचे शब्द मनावर न घेण्याची सवय अनेक बाकांना लागली आहे. हा समज महागात पडतो. बाकावरील बेजबाबदार वर्तन मुख्य पंचांना कळवणे हे त्यांचे कामच आहे. मुख्य पंचांनी स्वतः न पाहिलेल्या प्रसंगावरही त्यांच्या माहितीवरून कारवाई होऊ शकते. त्यांची सूचना धुडकावणे हेही ताकीद मिळण्याचे कारण ठरते. बदली खेळाडूंवर देखरेख, साहित्याची तपासणी आणि राखीव चेंडूंची व्यवस्था ही त्यांची इतर कामे आहेत.

2019-20 च्या मोसमापासून पंच संघ अधिकाऱ्यांना पिवळे आणि लाल कार्ड दाखवू शकतात. ताकीद, पिवळे आणि लाल या तीन पायऱ्या क्रमानेच चढाव्या लागतात, असा गैरसमज मात्र अजून पसरलेला आहे. प्रशिक्षक हद्दीबाहेर का गेला, यावर सारे अवलंबून असते, आणि हे एका कल्पित उदाहरणावरून नीट कळेल.

समजा, म्हापशाच्या दुलेर मैदानावर सामना 1-1 असा बरोबरीत आहे. साठाव्या मिनिटाला प्रशिक्षक बचावपटूला जागा दाखवण्याच्या नादात दोन पावले हद्दीबाहेर जातो. दुसरे काही केले नसेल, तर यावर ताकीद पुरते. पुन्हा पुन्हा तो तसेच करत राहिला, तर पिवळे कार्ड मिळते. सत्तराव्या मिनिटाला ऑफसाइडचा निर्णय विरुद्ध जातो. प्रशिक्षक जागेवरूनच उपहासाने टाळ्या वाजवतो किंवा रागाने पायापाशी बाटली आपटतो. हे पिवळ्या कार्डाचे वर्तन आहे, आणि पहिले पिवळे मिळालेले असल्यास तो तेथेच बाहेर जाईल. पण पहिले कार्ड नसतानाही तो सहायक पंचांना जाब विचारण्यासाठी मुद्दाम हद्द ओलांडून धावत गेला, तर थेट लाल कार्ड मिळते. सुरुवातीची दोन पावले आणि ही धाव यांत अंतराचा फरक गौण आहे. नियम हेतू पाहतो.

लाल कार्ड मिळालेल्या प्रशिक्षकाने बाकावर किंवा बाकामागे उभे राहायचे नसते. त्याने मैदानाचा परिसरच सोडायचा असतो. आता त्याच बाकावरून कोणीतरी बाटली मैदानात भिरकावतो. वस्तू मुद्दाम मैदानात फेकणे हा लाल कार्डाचा गुन्हा आहे. कोणी फेकली हे सांगायला कोणी तयार नाही. मुख्य प्रशिक्षक आधीच गेलेला असल्याने सहायक प्रशिक्षक हाच हजर असलेला वरिष्ठ ठरतो आणि लाल कार्ड त्याला मिळते. उरलेला वेळ संघ प्रशिक्षकाविना खेळतो.

प्रतिस्पर्ध्याला थ्रो-इन लवकर घेता येऊ नये म्हणून चेंडू धरून ठेवणे हेही संघ अधिकाऱ्याच्या बाबतीत लाल कार्डाचे कृत्य आहे. आपल्याच संघाने खेळ पुन्हा सुरू करायचा असताना त्याला उशीर लावल्यास पिवळे मिळते. चेंडू बाकाजवळ आला की हात लावू नये, हा सल्ला म्हणूनच द्यावासा वाटतो.

शेवटचा तंटा वाढीव वेळेचा असतो. चौथ्या पंचांनी वर धरलेल्या फलकावर 4 हा आकडा असला की बाकावरचे लोक चौथ्या मिनिटाला घड्याळ दाखवून शिट्टी मागू लागतात. तो आकडा किमान वेळेचा असतो आणि तो मुख्य पंचांनी ठरवलेला असतो. त्या वाढीव वेळेत कोणी जखमी झाला किंवा बदली खेळाडू आले, तर मुख्य पंच वेळ वाढवू शकतात, मात्र दाखवलेल्यापेक्षा कमी करू शकत नाहीत. शिट्टीनंतरही नियम संपत नाहीत. मध्यंतरात किंवा सामना संपल्यावर पंचांशी वाद घालण्यासाठी मैदानात शिरणाऱ्या प्रशिक्षकाला लाल कार्ड मिळू शकते, आणि त्यानंतर पुढील सामन्यांतील बंदी किती, हे स्पर्धेची शिस्त समिती पंचांच्या अहवालावरून ठरवते. तक्रार असेल तर ती क्लबमार्फत, नियमावलीत दिलेल्या मुदतीत, लेखी द्यावी.