पार्श्वभूमी : ‘उद्या करतो’ आणि सबमिशनची रात्र

एप्रिल उजाडला की सांगलीतलं विश्रामबाग, इस्लामपूर, कराड अशा कॉलेजांच्या ठिकाणचे व्हॉट्सअॅप ग्रुप एकाच तऱ्हेच्या मीम्सनी भरून जातात. वरच्या चौकटीत सहा महिने पाय पसरून झोपलेला माणूस, खालच्या चौकटीत तोच रात्री तीनला पेन्सिल चावत बसलेला. किंवा आग लागलेल्या खोलीत कप घेऊन शांत बसलेला तो कुत्रा. हे २०१३ च्या एका इंग्रजी वेबकॉमिकमधलं चित्र, पण आमच्याकडं त्यावर ‘करतो की लगा, उद्या’ असं लिहिलेलं असतं. नोव्हेंबरच्या अखेरीला पुन्हा तेच. ही मीम्स कुठून आली हे सांगताना मोबाइलपासून सुरुवात केली तर निम्मी गोष्ट राहून जाते.

आळसावर ताशेरे ओढण्याची परंपरा जुनी आहे आणि साताऱ्यात तर ती सज्जनगडाइतकी उंच आहे. तिथल्या संतांनी सतराव्या शतकात आळशी माणसाची जी हजेरी घेतली, ती पाठ करूनच आमच्या आधीच्या दोन पिढ्या शाळेत गेल्या. पण तिथं गुन्हेगार एकटा असतो आणि ओरडणारा वडीलधारा असतो. आताच्या मीममध्ये ओरडणारा कुणी नाही, सगळेच गुन्हेगार आहेत आणि सगळे हसतायत. हा बदल माझ्या मते हॉस्टेलवर झाला. इंटरनेटचा त्यात हात नव्हता.

त्याआधी शब्दाचा गुंता सोडवायला हवा, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

इंग्रजीतल्या प्रोक्रॅस्टिनेशन या शब्दाचं लॅटिन मूळ ‘उद्यावर ढकलणं’ असंच आहे. मराठीत त्याला आळस म्हणून मोकळं होतात, ते चूक आहे. आळशी माणसाला काम करायचंच नसतं. दिरंगाई कचेरीतली, टाळाटाळ पैसे परत देणाऱ्याची. जवळचा शब्द चालढकल. त्यात काम डोक्यात असतं, आज नको एवढंच.

आता ‘उद्या करतो’ हे वाक्य घ्या. मराठीत ‘उद्या करीन’ म्हणता येतं, पण हॉस्टेलवर ते कुणी म्हणत नाही. ‘करीन’ म्हटलं की शपथेसारखं वाटतं, आणि मोडली तर लाज वाटते. ‘करतो’ हा वर्तमानकाळ आहे. हात जणू कामाला लागलेलाच आहे, फक्त दिवस तेवढा उद्याचा आहे. त्याला सांगली-साताऱ्याचा ‘की’ लागला, ‘करतो की’, की उलट विचारणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं होतं. ‘करू’ म्हटलं तर कोण करणार हेही गुलदस्त्यात. आणि ‘परवा’ तर धन्यच, तो मागंही जातो आणि पुढंही.

‘उद्या’ नेमका कधी सुरू होतो, यावरही एकमत नाही. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो. घड्याळात तारीख मध्यरात्री बदलते. हॉस्टेलवर मात्र ‘उद्या’ झोपून उठल्यावर सुरू होतो, मग झोप रात्री अकराला लागो की पहाटे पाचला. म्हणून रात्री दीडला ‘उद्या करतो’ म्हणणारा मुलगा खरं तर त्याच तारखेबद्दल बोलत असतो, आणि जो झोपतच नाही त्याचा उद्या कधी उजाडतच नाही. ऐकणाऱ्यालाही हे माहीत असतं. तो फक्त ‘हां’ म्हणतो, कारण त्याचंही काम राहिलेलं असतं. दोघं मिळून एकच थाप मारतात आणि दोघांनाही ती थाप आहे हे ठाऊक असतं.

ही थाप परवडायची कशी, याचं उत्तर जीटीत आहे. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग, दुसऱ्याचं ड्रॉइंग काचेवर ठेवून खालच्या उजेडात गिरवणं. डिप्लोमा किंवा डिग्रीच्या पहिल्या वर्षाला जो गेला त्याला ते समजावून सांगायची गरज नाही, पण मीम पाहणाऱ्या नव्या पोरांना कदाचित असेल. आमच्या वेळी, म्हणजे २००८ च्या आसपास, ड्रॉइंगच्या सहा शीट द्यायच्या असत. मिनीड्राफ्टर लावून, प्रोजेक्शन काढून, मापं लिहून एक शीट इमानदारीत काढायला चार तास सहज लागत. म्हणजे सहा शीटचे चोवीस तास. एका रात्रीत ते बसत नाहीत. जीटीनं एक शीट पाऊण तासात होते. सहाचे साडेचार तास. रात्री अकराला बसलं तर साडेतीनला मोकळं, वर चहाला वेळ. सहा महिने ‘उद्या करतो’ म्हणता यायचं ते या हिशोबाच्या जोरावर.

पद्धत अशी. दोन खुर्च्या समोरासमोर, त्यांच्यावर काच. काच कुठून यायची हा स्वतंत्र विषय आहे. सबमिशनच्या आठवड्यात हॉस्टेलच्या नोटीस बोर्डाची सरकती काच हमखास गायब असायची आणि वॉर्डनला ती कुठल्या मजल्यावर आहे हेही माहीत असायचं. खाली आधी शंभरचा बल्ब ठेवायचे. त्यानं काच तापायची, कागद वाकायचा, आणि एकदा आमच्या खोलीत काच तडकलीच. मग ट्यूबलाइट आडवी ठेवायला लागलो. पूर्ण झालेली शीट खाली, कोरी शीट वर, चारी कोपरे चिकटपट्टीनं घट्ट, आणि खालून दिसणाऱ्या रेघांवरून हात फिरवायचा. शीट सरकली की सगळं संपलं, कारण अर्धी रेघ एकीकडं आणि अर्धी दुसरीकडं.

सरांना हे ओळखता यायचं. वर्तुळ कंपासनं काढलं तर मध्यभागी टोकाचं भोक पडतं. जीटीतलं वर्तुळ हातानं किंवा साच्यानं गिरवलेलं, त्याला भोक नसतं. सर शीट उलटी करून मागून बोट फिरवायचे. टोचलेला उंचवटा बोटाला लागला नाही की शीट बाजूला. मग पोरं शेवटी सगळ्या वर्तुळांच्या मध्यात कंपास टोचून घ्यायला शिकली. दुसरी खूण म्हणजे फिकट रचनारेघा. स्वतः काढणाऱ्याच्या शीटवर त्या पुसट उरतातच, गिरवलेली शीट लग्नपत्रिकेसारखी स्वच्छ असते.

पण खरी पकड चुकीतून व्हायची. आमच्या वर्षीची तिसरी शीट छेददृश्याची होती. छेद घेतला की कापलेल्या भागात तिरप्या रेघा मारतात. रिब म्हणजे आधाराची पातळ फळी, ती लांबीच्या दिशेनं कापली गेली तर मात्र तिच्यात रेघा मारायच्या नाहीत, असा नियम आहे, नाहीतर पातळ रिब भरीव ठोकळ्यासारखी दिसते. मूळ शीट काढली होती आमच्या वर्गातल्या एका मुलीनं, वेळेत, फेब्रुवारीत. तिनं चुकून रिबमध्येही रेघा मारल्या. सरांनी दाखवलं, तिनं खोडून दुरुस्त केलं. पण दुरुस्तीआधीच एक जण तिची शीट मागून घेऊन गेला होता आणि त्याच्याकडून पुढं ती मुलांच्या हॉस्टेलवर फिरली. तपासणीच्या दिवशी सरांनी शीट दोन गठ्ठ्यांत लावल्या : रिब भरलेल्या आणि रिब मोकळ्या. कुणी कुणाची उतरवली याची वंशावळच टेबलावर आली. मुलींच्या हॉस्टेलवरच्या सगळ्या मोकळ्या, आमच्या मजल्यावरच्या सगळ्या भरलेल्या. एकावर तर मूळ मालकिणीचा रोल नंबरही होता.

मीम हा शब्द १९७६ साली एका ब्रिटिश जीवशास्त्रज्ञानं काढला, तो नकलेतून माणसामाणसांत पसरणाऱ्या गोष्टीसाठी. चित्रावर ओळी लिहिणं हा अर्थ खूप नंतरचा. त्या अर्थानं आमची भरलेली रिब हे अस्सल मीमच होतं. ती नकलेनं पसरली, चुकीसकट पसरली.

२०१६ च्या सप्टेंबरात स्वस्त डेटा आला आणि पुढच्या फेब्रुवारीत व्हॉट्सअॅपवर स्टेटस. १९८८ च्या एका विनोदी सिनेमातले चेहरे सबमिशनच्या ओळी बोलू लागले. काचेचा, ट्यूबलाइटचा फोटो टाकून ‘इंजिनिअर घडताना’ लिहिणंही तेव्हाचंच. या सगळ्या मीम्समध्ये एक व्यक्ती कधीच दिसत नाही, ती म्हणजे फेब्रुवारीत शीट काढणारी. ‘सगळेच शेवटच्या रात्री करतात’ हे मीम सांगतं आणि आपण मान डोलावतो. सगळ्यांनी खरंच तसं केलं असतं तर काचेवर ठेवायला शीटच नसती. जीटी मारणाऱ्यांत मीही होतो, त्यामुळं हे लिहिताना फार ताठ मानेनं लिहीत नाही.

बरं, अंदाज चुकतो तो काही आमचाच नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल विचारलं होतं. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट झालं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. म्हणजे घाबरून दिलेला अंदाजही कमीच पडला.

२०२० च्या लॉकडाउनमध्ये काच गेली, पीडीएफ आली, आणि त्याबरोबर वेळेचा वाद. कागदावर ‘१५ तारीख, रात्री १२ पर्यंत’ असं लिहिलं की कार्यालयाच्या मते ती चौदाची रात्र आणि पोरांच्या मते पंधराची. गुगल क्लासरूममध्ये नुसती तारीख टाकून वेळ टाकली नाही तर मुदत आपोआप त्या तारखेची `11:59 PM` होते. बऱ्याच शिक्षकांनी ती तशीच राहू दिली, आणि बाराचा गोंधळ मिटला. पण त्या एका मिनिटानं शेवटची रात्र अधिकृत झाली. काही विभागांनी मुदत संध्याकाळी पाचवर आणली. पोरांनी आरडाओरडा केला : रेंज नसते, घरचं काम असतं, जतच्या पोरानं काय करायचं. रेंजची तक्रार खरी होती. तरी मला पाचचा निर्णय बरा वाटतो, निदान अपलोड अडकलं तर फोन उचलायला कुणी जागं असतं. शेवटी बहुतेक ठिकाणी पुन्हा `11:59 PM` आलं, कारण शिक्षकांनाही गुण भरायचे असतात आणि तेही ‘उद्या करतो’ म्हणूनच राहिलेले असतात.

नकलेची खूणही बदलली आहे. आता कंपासचं भोक कुणी शोधत नाही. फाइलच्या नावात दुसऱ्याचं नाव राहतं, किंवा स्कॅनच्या कोपऱ्यात मूळ वहीवर ठेवलेला अंगठा सात जणांच्या पीडीएफमध्ये सारखाच दिसतो, नेलपॉलिशसकट. ड्रॉइंगच्या शीट अजून काही ठिकाणी हातानं काढतात. तिथं ट्यूबलाइटच्या जागी मोबाइलचा टॉर्च आहे, आणि काच अजून नोटीस बोर्डाचीच.