छक्कड (लावणीरचना)

छक्कड हा लावणीचा सर्वांत हलका, चटपटीत आणि उडत्या चालीचा प्रकार. तमाशात गण आणि गवळण आटोपली की लावण्या सुरू होतात. बसलेल्या पब्लिकला हसवून ताळ्यावर आणण्याचे काम तेव्हा बहुधा छक्कडीवर येते. बैठकीच्या लावणीत गाणारी एकच ओळ दहा अदांनी रंगवू शकते, म्हणून तिथे कवीला शब्दांची काटकसर चालते. छक्कडीत तेवढी उसंत नसते. चिमटा शब्दातच असावा लागतो आणि तो नेमका ढोलकीच्या थापेवर किंवा मुद्दाम थापेच्या जरा आधी पडावा लागतो. त्यामुळे छक्कड लिहिणे हे निम्मे कवित्व आणि निम्मा हिशेब आहे. या नोंदीत त्या हिशेबाकडे अधिक लक्ष दिले आहे.

मराठी लावणीचा मोठा भाग आठ मात्रांच्या आवर्तनात बसतो. माधव ज्यूलियन यांनी मराठी छंदांची मांडणी करताना अशा रचनेला पद्मावर्तनी म्हटले. फडातला ढोलकीवाला हे नाव घेत नाही, तो ‘केरवा’ किंवा ‘धुमाळी’ म्हणतो. दोन्ही ठेके आठच मात्रांचे. लिहिणाऱ्याने पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर टाळी वाजवत ओळ मोठ्याने म्हणावी, एवढी परीक्षा पुरते. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन आणि जोडाक्षरापूर्वी आघात येत असेल तर तिथल्या ह्रस्वाचीही दोन. ‘छत्री’ या शब्दात ‘छ’वर ‘त्र’चा आघात येतो, म्हणून त्याच्या चार मात्रा होतात. ‘तुम्ही’ किंवा ‘पुन्हा’ म्हणताना मात्र तसा आघात जाणवत नाही, म्हणून त्यांच्या तीनच.

जलद लयीत ही मोजणी ढिली ठेवून चालत नाही. मिनिटाला 240 मात्रा धरल्या तर आठ मात्रांचे आवर्तन दोन सेकंदांत संपते आणि तेवढ्यात गाणारीला पाच-सहा अक्षरे स्वच्छ म्हणायची असतात. संथ चालीत एखादी मात्रा जास्त झाली तर गळा ती सहज सामावून घेतो. इथे ती गिळावी लागते, आणि गिळलेले अक्षर नेमके विनोदाचे असले तर मागच्या रांगेला काहीच कळत नाही.

एक उदाहरण पहिल्यापासून पाहू. विषय असा, की घरी वरचेवर येणारा एक पाहुणा दर वेळी छत्री विसरून जातो आणि ती न्यायच्या निमित्ताने पुन्हा येतो. महिना चैत्राचा, आभाळात ढगाचा ठिपका नाही. छक्कडीला असा लहानसा, डोळ्यांना दिसणारा प्रसंग लागतो. ‘तुमचे माझ्यावर प्रेम आहे’ यावर छक्कड होत नाही, विसरलेल्या छत्रीवर होते. मनात सहज येणारी पहिली ओळ अशी असेल:

पाव्हणं, तुमची छत्री राहिली

वाचायला ती गोड वाटते, पण टाळी धरली की अडखळते. ‘पाव्हणं तुमची’ या नऊ मात्रा होतात आणि ‘छत्री राहिली’ याही नऊच. दुसरी खोट आणखी मोठी आहे. हाक पहिल्याच शब्दात खर्ची पडली. छेडछाडीच्या गाण्यात संबोधन ही हुकमाची पाने असतात. दाजी, राया, कारभारी, पाव्हणं यांपैकी जे निवडले असेल ते ओळीच्या शेवटी टाकावे, म्हणजे आधीचा साधा शब्दही चिमटा होतो. म्हणून ध्रुपद असे बदलले:

छत्री तुमची | परत राहिली
ढग ना दिसतो | कुठं, पाव्हणं

आता प्रत्येक भाग आठ मात्रांचा झाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आतली फोड बदलली. ‘छत्री तुमची’ आणि ‘ढग ना दिसतो’ या चार-चारच्या सरळ चाली आहेत, टाळी शब्दाच्या तोंडावरच पडते. ‘कुठं, पाव्हणं’ मात्र तीन आणि पाच असे फुटते. ‘पाव्हणं’चा ‘पा’ चौथ्या मात्रेवर सुरू होतो आणि पाचवीवर ताणला जातो, म्हणजे ढोलकीची थाप पडते तेव्हा तो गळ्यात आधीच सुरू झालेला असतो. हाक ठोक्याला चुकवून पुढे निसटते. ऐकणाऱ्याला मात्रा मोजता येत नाहीत, पण ही निसटती हाक त्याला बरोबर कळते. ‘ठसका’ म्हणतात त्याचा बराच भाग इथे असतो, बाकीचा गाणारीच्या आवाजात. सुलोचना चव्हाण (1933–2022) पदर सावरून, नाचाचा आधार न घेता लावणी गात, आणि तरीही शब्दातला खट्याळपणा पोहोचे, तो आवाजाच्या याच फेकीमुळे.

ध्रुपद ठरले की कडव्यांची शेवटची ओळ कोणत्या यमकावर परतणार हेही ठरते. ‘पाव्हणं’ प्रत्येक वेळी तसेच राहील आणि त्याआधीचा तीन मात्रांचा शब्द ‘कुठं’शी जुळेल. गावाकडच्या बोलीत असे शब्द हाताशीच असतात: फुटं, उठं, सुटं, तुटं. कडवी लिहिण्याआधी हे शब्द कागदाच्या कडेला मांडून ठेवणे शहाणपणाचे. चौथी ओळ कुठे उतरणार हे माहीत असले की पहिल्या तीन ओळींना तिकडे लोटता येते. उलट क्रमाने लिहिलेल्या कडव्यात शेवटची ओळ यमकासाठी ओढून आणलेली दिसते.

काल विसरली | आज मागता
पाणी पिऊन | पुन्हा थांबता
दांडी पुसता, | कापड बघता
आजीस हसू | फुटं, पाव्हणं

चैत तापला | धूळ उडाली
छत्री तुमची | कुठं उघडली?
मिटुनी धरता, | मिरवत फिरता
हात कसा ना | उठं, पाव्हणं

आता छत्री | घरीच ठेवा
वडील संगं | घेउन यावा
सुपारि फोडू, | मांडव घालू
गाठ कधी ना | सुटं, पाव्हणं

तिन्ही कडव्यांतली तिसरी ओळ चार-चारच्या सरळ पावलांची आहे आणि मधे एक छोटे आतले यमक आहे. ही योजना नाचणारीसाठी असते. तिथे ती पावले मोजून टाकते, पब्लिक लयीला सरावते आणि पुढच्याच ओळीत तीन-पाचची फोड त्यांना चकवते. ‘सुपारि’ आणि ‘घेउन’ इथे स्वर मुद्दाम ह्रस्व केले आहेत. लावणीत ही सूट सर्रास घेतली जाते, पण ती कडव्यात एक-दोनदाच शोभते.

दुसऱ्या कडव्यात दुहेरी अर्थाची चाहूल आहे, आणि बहुतेक नवशिके इथेच घसरतात. दुहेरी अर्थ टिकतो तो वरचा अर्थ पक्का असतो म्हणून. छत्री न उघडणारा माणूस हा चैत्रातला खरोखरीचा हास्यास्पद माणूस आहे. कडवे आजीसमोर म्हटले तरी ती छत्रीलाच हसेल. दुसरा अर्थ ज्याला लावायचा त्याने लावावा, गाणारी त्याची जबाबदारी घेत नाही. लिहिणाऱ्याने वरचा अर्थ अर्धवट सोडला, छत्रीबद्दल असे काही म्हटले जे छत्रीला लागूच पडत नाही, की सूचकता संपते आणि उरते ते नुसते उघडे बोलणे. कागदावर ही चूक ओळखायची सोपी खूण आहे. कडव्याचा फक्त सरळ अर्थ गद्यात लिहून पाहावा. त्यात कुठे अर्थ लागत नसेल तर तेवढी जागा कच्ची.

तुमचे, यावा, ठेवा ही आदरार्थी रूपे अजाणता आलेली नाहीत. छेडणारी बाई जितकी अदबीने बोलते तितका टोमणा बोचतो. मधेच ‘तू’ आला तर गाणे एकदम भांडणाकडे किंवा लाडाकडे झुकते आणि छक्कडीचा तोल जातो.

आता ढोलकी. या वाद्याच्या दोन तोंडांपैकी उजवे शाईचे, ते पट्टीला मिळवून घेतात आणि त्याची थाप कडक, टणत्कारी असते. डावे धूमचे, त्याला आतून मसाला लावलेला असतो आणि घुमारा तिथून येतो. जलद छक्कडीत ढोलकीवाला उजव्या हाताने बोल भरत राहतो, त्यामुळे शब्दांतली ‘ट’, ‘ठ’, ‘त’ ही अक्षरे थापेत मिसळून हरवण्याची भीती असते. ‘कुठं’मधला ‘ठं’ तगतो कारण त्याच्या मागे दीर्घ जागा आहे. अशी अक्षरे सलग तीन-चार आली असती तर ओळ नुसती खडखडली असती. कडव्यानंतर एक-दोन आवर्तने शब्दांशिवाय सोडणेही लिहिणाऱ्याचेच काम आहे. ती ढोलकीच्या तोड्याची आणि चाळांची जागा, शिवाय लोकांच्या हसण्याचीही. हशा चालू असताना पुढचे कडवे उचलले तर त्याची पहिली ओळ वाया जाते.

शेवटाला तिहाई हवी असते, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येणे. ‘कुठं, पाव्हणं’ हा तुकडा आठ मात्रांचा असल्याने तीन वेळा म्हटला की चोवीस मात्रा, म्हणजे नेमकी तीन आवर्तने होतात आणि पुढच्या समेवर आपोआप ‘छत्री’चा ‘छ’ येतो. तुकडा सात मात्रांचा असता तर ढोलकीवाल्याला तीन मात्रा कुठून तरी भराव्या लागल्या असत्या. तो त्या भरतोही, पण मग कवीचे नाव काढत भरतो.

जुन्या शाहिरांची रीत शेवटच्या कडव्यात नाममुद्रा घालण्याची. पठ्ठे बापूराव (1866–1945) यांच्या लावण्या अशाच ओळखू येतात. छोट्या छक्कडीत मात्र नाव घालायला आठ मात्रा मोडणे परवडतेच असे नाही, आणि वरच्या रचनेत ‘वडील संगं’च्या जागी नाव बसवले तर गाण्याची कलाटणीच जाते.

फडात गेल्यावर गाणारी शब्द बदलते, हे धरूनच लिहावे लागते. समोर टोपीवाले दिसले की ‘छत्री’च्या जागी ‘टोपी’ घालण्याचा मोह होतो. चार मात्रा, स्त्रीलिंगी, ‘तुमची’शी जुळणारी. पहिले कडवेही कसेबसे निभते, फक्त दांडी अडते. पण ‘ढग ना दिसतो’ त्याच क्षणी निरर्थक होते, कारण चैत्रातल्या उन्हात टोपी घालणारा माणूस मुळीच हसण्याजोगा नाही.