चार अंकी सेव्हन सेगमेंट डिस्प्लेचे मल्टिप्लेक्सिंग

चार अंकांचा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले मायक्रोकंट्रोलरच्या मोजक्या पिनांवर चालवण्याची ही पद्धत आहे. तिच्यात कोणत्याही क्षणी चारपैकी एकच अंक पेटलेला असतो. टायमर इंटरप्ट, म्हणजे टायमरने मुख्य प्रोग्रॅम क्षणभर थांबवून चालवलेला छोटा कोड, ठरावीक अंतराने तो विझवून पुढचा पेटवतो आणि हे इतक्या वेगाने चालते की डोळ्याला चारही अंक सलग उजळलेले दिसतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत रबाळे, महापे भागातल्या कारखान्यांत पॅनेलवर लाल आकड्यांचे तापमान कंट्रोलर, टायमर, काउंटर बसवलेले असतात. त्यांतल्या बहुतेकांच्या आत हेच चाललेले असते. या नोंदीत पॉवर प्रेसचे स्ट्रोक मोजणारा एक साधा काउंटर उदाहरणादाखल घेतला आहे. प्रेसच्या लिमिट स्विचचा सिग्नल ऑप्टोकप्लरमधून येतो, एटीमेगा ३२८पी ही चिप तो मोजते आणि आकडा डिस्प्लेवर दिसतो.

मल्टिप्लेक्सिंगची गरज पिनांच्या हिशोबातून येते. एका अंकात सात सेगमेंट आणि एक दशांश टिंब, म्हणजे आठ एलईडी. चार अंकांचे बत्तीस झाले आणि या चिपकडे इनपुट-आउटपुटच्या पिना जेमतेम २३. म्हणून डिस्प्ले बनवणाराच चारही अंकांचे a सेगमेंट आतून एकत्र जोडतो, b चे b ला, आणि असेच पुढे. प्रत्येक अंकाच्या आठही एलईडींची सामाईक पिन, म्हणजे कॉमन पिन, तेवढी वेगळी ठेवतो. आठ आणि चार मिळून बारा पिना होतात. बाजारात सहज मिळणाऱ्या ५४६१एएस या कॉमन कॅथोड डिस्प्लेत १२, ९, ८ आणि ६ या पिना डावीकडून उजवीकडे चार अंकांच्या कॅथोड आहेत, बाकीच्या आठ सेगमेंटच्या.

उदाहरणातल्या जोडणीत सेगमेंट PORTD वर आहेत, प्रत्येकाला ३३० ओहमचा रेझिस्टर. पाच व्होल्टमधून एलईडीचे आणि ट्रान्झिस्टरचे व्होल्टेज वजा केले की रेझिस्टरवर तीनेक व्होल्ट उरतात आणि प्रत्येक सेगमेंटमधून साधारण ८ ते ९ मिलिअँपिअर करंट जातो. अंक पाव वेळच पेटत असल्याने सरासरी दोन मिलिअँपिअरच्या आसपास पडते. छपराखाली वाचायला तेवढा उजेड पुरतो. रेझिस्टर सेगमेंटच्या बाजूलाच हवेत. चार कॉमनवर चार लावून चार रेझिस्टर वाचवण्याचा मोह होतो, पण मग एकाच रेझिस्टरमधला करंट पेटलेल्या सेगमेंटमध्ये वाटला जातो. १ झगझगीत दिसतो आणि ८ मलूल. असा डिस्प्ले समोर आला तर प्रोग्रॅम उघडण्याआधी बोर्ड उलटा करून रेझिस्टर कुठे आहेत ते पाहावे.

कॉमन पिनेला मात्र ट्रान्झिस्टर लागतोच. आठही सेगमेंट पेटले की कॅथोडमधून सत्तर मिलिअँपिअरच्या घरात करंट येतो, आणि या चिपच्या एका पिनेची कमाल मर्यादा ४० आहे. बीसी ५४७ ला १०० पर्यंत चालते, त्यामुळे इथे तो पुरतो. उजेड वाढवण्यासाठी ३३० च्या जागी २२० ओहम टाकले तर तोही काठावर येतो, तिथे बीसी ३३७ वापरलेला बरा. चारही ट्रान्झिस्टरचे बेस १ किलोओहममधून PB0 ते PB3 ला जोडलेले आहेत.

अंक बदलण्याचे काम मुख्य लूपमध्येही करता येते, आणि शिकताना बहुतेकजण तसेच करतात. जोवर लूपमध्ये दुसरे काही नाही तोवर चालून जाते. त्यात डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर आला की गाडी अडते. १२ बिटांचे मोजमाप करायला तो ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो आणि तेवढा वेळ थांबणाऱ्या लूपमध्ये एकच अंक पेटून राहतो. पाव वेळेसाठी धरलेला करंट त्यातून अखंड वाहतो, ही आणखी वेगळी बाब. टायमर इंटरप्ट मात्र लूप कुठेही अडकलेला असला तरी वेळेवर येतो.

टायमर २ असा लावायचा:

```c
TCCR2A = (1 << WGM21);
TCCR2B = (1 << CS22) | (1 << CS20);
OCR2A  = 249;
TIMSK2 = (1 << OCIE2A);
sei();
```

क्रिस्टल १६ मेगाहर्ट्झचा आहे. त्याला १२८ ने भागले की टायमरला सेकंदाला १,२५,००० ठोके मिळतात. मोजणी शून्यापासून सुरू होत असल्याने २४९ पर्यंत २५० ठोके होतात आणि सेकंदाला ५०० इंटरप्ट येतात. प्रत्येक अंकाच्या वाट्याला २ मिलिसेकंद, चारांची फेरी ८ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला १२५ फेऱ्या. साधारण ५० ते ६० च्या खाली फेऱ्या गेल्या की डिस्प्ले लुकलुकतो. समोरून बघताना ते जाणवले नाही तरी मशीनजवळून चालत जाताना डोळ्याच्या कोपऱ्यातून नक्की जाणवते. १२८ चा भागाकार या चिपच्या टायमर २ मध्येच आहे, ० आणि १ मध्ये नाही. दुसऱ्या टायमरवर हा कोड जसाच्या तसा उचलला तर गणित चुकते ते इथे.

इंटरप्टमधले काम थोडे आहे, पण त्याचा क्रम पक्का आहे:

```c
ISR(TIMER2_COMPA_vect)
{
    PORTB &= 0xF0;
    PORTD = 0;
    _delay_us(4);
    pos = (pos + 1) & 3;
    PORTD = buf[pos];
    PORTB |= (1 << pos);
    check_switch();
}
```

आधी सगळे अंक बंद, मग सेगमेंट बंद, थोडा विसावा, नवे सेगमेंट आणि सर्वांत शेवटी नवा अंक चालू. मधले चार मायक्रोसेकंद ट्रान्झिस्टरसाठी आहेत. पूर्ण उघडलेला ट्रान्झिस्टर बेस शून्यावर आणल्यावर लगेच बंद होत नाही, मायक्रोसेकंदभर वाहतच राहतो. तेवढ्यात पुढच्या अंकाचे सेगमेंट आले तर त्यांची फिकट सावली आधीच्या अंकात उमटते. हीच ती ‘घोस्टिंग’. उजेडात ती नजरेतून सुटते, रात्रपाळीला दिवे कमी असले की डोळ्यात भरते.

सावली नेमकी कशामुळे पडते हे डिस्प्लेच सांगतो. डावीकडून दुसऱ्या जागी ८ लिहावा आणि बाकी तिन्ही जागा कोऱ्या ठेवाव्यात. फिकट ८ डावीकडच्या पहिल्या जागी दिसला तर आधीचा अंक उशिरा बंद होतो आहे. तो उजवीकडे तिसऱ्या जागी दिसला तर नवा अंक सेगमेंट बदलण्याआधीच चालू झाला आहे, म्हणजे कोडमधल्या ओळींची अदलाबदल झाली आहे. सिग्नल स्कोपवर पाहण्याआधी ही चाचणी करावी, मिनिटभराचे काम आहे.

आकड्याचे चार अंक वेगळे करण्याचा भागाकार मुद्दाम इंटरप्टबाहेर ठेवला आहे. तो मुख्य लूपमध्ये होतो आणि तयार सेगमेंट buf मध्ये भरले जातात. या आठ बिटी चिपला भागाकाराची स्वतःची सूचना नाही, तो शे-दोनशे चक्रे खातो. मात्र इथे एक खाचखळगा आहे. स्ट्रोकची मोजणी check_switch मध्ये, म्हणजे इंटरप्टमध्ये वाढते आणि ती सोळा बिटांची आहे. मुख्य लूप तिचे दोन बाइट एकामागून एक वाचतो. खालचा बाइट वाचून झाल्यावर नेमका इंटरप्ट आला आणि २५५ चे २५६ झाले, तर जुना खालचा आणि नवा वरचा बाइट जुळून ५११ हा आकडा तयार होतो. पुढच्या वाचनात तो नाहीसा होतो, त्यामुळे ऑपरेटरने सांगितले तरी कोणी विश्वास ठेवत नाही. मोजणीची प्रत घेताना तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद ठेवले की प्रश्न मिटतो. ती दोन-चार चक्रे डिस्प्लेला जाणवतही नाहीत.

काउंटर बरोबर चालतो, डोळ्याला नीट दिसतो, आणि तरी तक्रार येते ती मोबाइलमुळे. पाळी बदलताना सुपरवायझर काउंटरचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि फोटोत ४७३८ च्या जागी नुसते ७ किंवा तुटका ३ असतो. ‘डिस्प्ले गेला’ असा निरोप येतो. मशीन अंधाऱ्या कोपऱ्यात असेल तर कॅमेऱ्याचे शटर पन्नासाव्या भागाइतका सेकंद, म्हणजे २० मिलिसेकंद उघडे राहते. तेवढ्यात दोन फेऱ्या पुऱ्या होतात आणि फोटो चांगला येतो. तेच मशीन कारखान्याच्या दाराशी, दुपारच्या उन्हात असेल तर कॅमेरा एक मिलिसेकंदावर येतो. त्या वेळात एखादाच अंक पेटलेला असतो. त्यातून मोबाइलचा सेन्सर फ्रेम ओळीओळीने वाचतो, म्हणून वरचे सेगमेंट एका अंकाचे आणि खालचे दुसऱ्याचे असेही चित्र येते.

यावर उपाय फेऱ्या वाढवण्याचा. CS21 आणि CS20 लावून ३२ चा भागाकार घेतला आणि OCR2A मध्ये १२४ टाकले की दर २५० मायक्रोसेकंदांनी इंटरप्ट येतो. चारांची फेरी एक मिलिसेकंदात पुरी होते आणि उन्हातल्या फोटोतही चारही अंक येतात. इंटरप्ट आठपट झाले तरी प्रत्येकाला काही मायक्रोसेकंदच लागतात, चिपचा बहुतेक वेळ मोकळाच राहतो.

नेमका हा बदल केल्यावर काउंटर कधीकधी एका स्ट्रोकला दोन मोजू लागतो, आणि डिस्प्लेच्या कोडचा मोजणीशी काय संबंध म्हणून दोष लिमिट स्विचवर ढकलला जातो. कारण check_switch मध्ये आहे. स्विचचे कॉन्टॅक्ट मिटताना काही मिलिसेकंद थरथरतात, म्हणून सलग दहा वेळा तीच स्थिती दिसल्यावरच स्ट्रोक धरायचा असे तिथे लिहिलेले होते. दर २ मिलिसेकंदांनी इंटरप्ट येत होता तेव्हा दहा वेळा म्हणजे २० मिलिसेकंद होत. आता तेच दहा अडीच मिलिसेकंदांत संपतात आणि थरथर स्ट्रोक म्हणून मोजली जाते. दहाचे ऐंशी केले की मोजणी पूर्ववत होते. इंटरप्टची मोजदाद करून जिथे जिथे वेळ धरला आहे, तो प्रत्येक आकडा असा तपासावा लागतो.

या उपायालाही हद्द आहे. शटर एक मिलिसेकंदाच्याही खाली गेले की फोटोत अंक पुन्हा कमीजास्त उजळ दिसू लागतात. मॅक्स ७२१९ ही तयार ड्रायव्हर चिप घातल्याने मायक्रोकंट्रोलरचे काम वाचते, पण तीही आतून मल्टिप्लेक्सिंगच करते आणि तिच्या फेऱ्या सेकंदाला साधारण ८०० असतात, त्यामुळे फोटोचा प्रश्न तसाच राहतो. फोटो कोणत्याही उजेडात अचूक हवाच असेल तर मल्टिप्लेक्सिंग सोडून प्रत्येक अंकाला स्वतंत्र ७४एचसी५९५ लावावी आणि चारही चिप साखळीत जोडाव्यात. मायक्रोकंट्रोलरच्या तीनच पिना लागतात. मात्र आतून जोडलेला चार अंकी डिस्प्ले इथे चालत नाही, चार सुटे अंक आणि १ किलोओहमचे बत्तीस रेझिस्टर बसवावे लागतात.