नकाशाचा फोटो पाठवण्याआधी: कंटूरवरून दरी, सोंड आणि उतार कसा ओळखावा
(आमच्याकडून कंटूर सर्व्हे, बांधाची आखणी किंवा शेतरस्त्याची लेव्हल करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी)

आठवड्यातून चार-पाच वेळा तरी आमच्या फोनवर टोपोशीटचा फोटो येतो. सोबत एक ओळ असते: "साहेब, खूण केलीय तिथे ओढा आहे ना? बांध घालता येईल का?" किंवा "इथून वरच्या पठारावर रस्ता काढला तर चढ किती पडेल?" अशा प्रश्नांना आम्ही फोटोवरूनच आणि विनामूल्य उत्तर देतो. पण दहातल्या सहा-सात फोटोंना आम्हाला एकच उत्तर पाठवावं लागतं: "आकडे दिसत नाहीत, पुन्हा फोटो काढा." त्यात तुमचा एक दिवस जातो, आमचाही जातो. म्हणून हे पत्रक.

कंटूर म्हणजे समान उंचीची रेषा, हे तुम्हाला ठाऊक आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या शीटवर आपल्या डोंगराळ भागात या रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. दर पाचवी रेषा जाड असते आणि तिच्यावर मधूनमधून उंची छापलेली असते: ६००, ७००, ८००. शीटच्या तळाशी समासात हे रेषांतर लिहिलेलं असतं. जुन्या शीटवर ते फुटांत असू शकतं, म्हणून एकदा तिथे नजर टाकावी.

आकड्यांशिवाय दरी आणि सोंड एकच दिसतात

बहुतेक घोळ इथेच होतो. एकात एक बसलेल्या, नाक काढलेल्या पाच-सहा वक्र रेषा म्हणजे दरीही असू शकते आणि डोंगराची सोंडही. दोन्हींचं चित्र हुबेहूब सारखं असतं. फरक फक्त उंची कुठल्या बाजूला वाढते एवढाच, आणि ते सांगतात आकडे. फोटो नेमक्या जागेपुरता कापला की आकडे गेले, आणि आकडे गेले की आमच्यासारख्या रोज नकाशे बघणाऱ्यालाही अंदाजच बांधावा लागतो. बांधाच्या कामात आम्ही अंदाज सांगत नाही. काही ग्राहकांना हा आडमुठेपणा वाटतो. पुढचा प्रसंग वाचल्यावर तसा वाटणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात एका ग्राहकाने तळहाताएवढ्या भागाचा फोटो पाठवला. शीटची झेरॉक्स होती, फोटो रात्री बल्बच्या उजेडात काढलेला होता. खालच्या उजव्या कोपऱ्याकडे नाक केलेल्या सहा रेषा आणि त्या नाकांमधून जाणारी एक बारीक तुटक रेघ. त्यांनी लिहिलं होतं, "मधून ओढा जातोय, दोन्हीकडे चढ आहे, इथेच माती बांध घालतो. परवा पोकलेन येतोय." आम्ही पूर्ण शीटचा फोटो मागितला. ते नाराज झाले, पण दुसऱ्या दिवशी मूळ रंगीत शीट मिळवून त्यांनी फोटो पाठवला.

त्या फोटोत दोन जाड रेषा नीट दिसत होत्या. आतल्या बाजूची ८००ची होती, आणि नाकांच्या पुढे, सगळ्यात बाहेरची ७००ची. म्हणजे आतून नाकाच्या टोकातून बाहेर निघालं की उंची ८००वरून ७००कडे उतरत होती. नाक खालच्या बाजूला वळलेलं होतं, म्हणजे ती सोंड. आणि ज्या रेघेला ते ओढा समजत होते, ती मूळ शीटवर लाल होती. ती पायवाट होती. पायवाटा सोंडेच्या माथ्यावरून जातात, कारण गुरांना आणि माणसांना तिथून चढणं सोपं पडतं. सोंडेवर घातलेल्या बांधामागे पाणी साठायचं कसं? ते दोन्ही अंगांनी खाली उतरून जातं. खरा ओढा तिथून नकाशावर दीड सेंटिमीटर पश्चिमेला होता. तिथे त्याच रेषांची नाकं ८००कडे, म्हणजे वरच्या बाजूला वळलेली होती.

तेवढं एक वाक्य लक्षात ठेवा. वक्राच्या पोकळीतून नाकाच्या टोकाकडे आणि पुढे बाहेर चालत गेलात, आणि आकडे कमी होत गेले तर सोंड, वाढत गेले तर दरी. कागद कसाही फिरवा, फोटो उलटा आलेला असो, ही कसोटी बदलत नाही. "कागदाची वरची बाजू म्हणजे डोंगराची वरची बाजू" हा समज मात्र सोडून द्या. कागदाची वरची बाजू उत्तर असते, उंच असेलच असं नाही.

आकडे अगदीच मिळाले नाहीत तर ओढ्यांचा आधार घेता येतो. दोन ओढे मिळतात तिथे त्यांच्यातला टोकदार कोन ज्या दिशेला रोखलेला असतो, ती पाण्याची पुढची दिशा, म्हणजेच उताराची दिशा. पण त्यासाठी ती रेघ ओढ्याचीच आहे याची खात्री हवी. शीटवर पाणी असलेला भाग निळा असतो, पावसाळा संपला की कोरडे पडणारे आपल्याकडचे बहुतेक ओढे काळ्या रेघेने दाखवलेले असतात, वाटा लाल असतात आणि कंटूर तपकिरी. झेरॉक्समध्ये हे चारही रंग एकच होतात. म्हणून झेरॉक्सचा फोटो आम्ही शक्यतो नाकारतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावरून शीटची पीडीएफ उतरवलेली असेल तर स्क्रीनचा फोटो न काढता ती फाइलच पाठवा. तिच्यात रंग आणि आकडे दोन्ही शाबूत राहतात.

फोटोवर पट्टी लावून उतार मोजू नका

दुसरा प्रश्न चढाचा. १:५०,००० म्हणजे कागदावर १ सेंटिमीटर ही जमिनीवर ५०० मीटर, हे मूळ कागदावर खरं आहे. मोबाइलच्या स्क्रीनवर तुम्ही दोन बोटांनी चित्र मोठं केलं की तो १ सेंटिमीटर दोनशे मीटरही होतो आणि पन्नासही. मागे एकांनी स्क्रीनवर पट्टी धरून अंतर काढलं, ते तिपटीने जास्त आलं, आणि चढ एक तृतीयांश निघाला. त्यांच्या हिशेबात ट्रॅक्टर आरामात चढत होता.

यावर साधा उपाय आहे. फोटो काढताना शाळेतली पट्टी नकाशावरच, विचारलेल्या जागेच्या शेजारी ठेवा. मग फोटो कितीही लहानमोठा झाला तरी पट्टीवरचा सेंटिमीटर त्याच्यासोबत लहानमोठा होतो. एक फोटो पट्टी आडवी ठेवून आणि एक उभी ठेवून काढलात तर आणखी चांगलं. दोन्ही दिशांचे सेंटिमीटर सारखे दिसले नाहीत तर फोन तिरका धरलेला होता, हे आम्हाला लगेच कळतं.

आता एक हिशेब. समजा, वाडीजवळून ७००ची जाड रेषा जाते आणि पठाराच्या कडेला ९००ची. मूळ कागदावर दोहोंमधलं अंतर १.६ सेंटिमीटर, म्हणजे ८०० मीटर. उंचीतला फरक २०० मीटर. हा फरक रेषा मोजून काढताना पुष्कळांची गल्लत होते. ७०० आणि ९०० धरून ११ रेषा असतात, म्हणून लोक २२० मीटर सांगतात. मोजायचे असतात रेषांमधले गाळे, आणि ते १० आहेत. २०० भागिले ८०० म्हणजे चाराला एक, २५ टक्के चढ, अंशांत साधारण १४.

पण हा झाला सरासरी चढ, आणि सरासरीवर रस्ता आखला की फसगत होते. त्याच रेषांकडे नीट बघा. खालच्या १ सेंटिमीटरमध्ये, म्हणजे ५०० मीटरमध्ये, फक्त ३ गाळे आहेत: ६० मीटर, १२ टक्के. वरच्या ६ मिलिमीटरमध्ये, म्हणजे ३०० मीटरमध्ये, उरलेले ७ गाळे दाटलेले आहेत: १४० मीटर, जवळजवळ ४७ टक्के, २५ अंश. खालून बघताना रस्ता सोपा वाटतो आणि शेवटच्या टप्प्यात अडतो, त्याचं कारण हे. घाटरस्त्याला साधारण विसाला एक चढ धरतात. त्या हिशेबाने २०० मीटर चढायला ४ किलोमीटर रस्ता लागतो, सरळ रेघेतलं अंतर ८०० मीटर असलं तरी. शेतरस्त्याला आम्ही यापेक्षा जास्त चढ घेतो, पण किती घ्यायचा ते मातीवर आणि वळणांना मिळणाऱ्या जागेवर ठरतं. ते फोटोवरून सांगता येत नाही.

रेषा एकमेकींना चिकटून एकच झाल्यासारख्या दिसल्या तर तिथे कडा असतो. मात्र उलटं गृहीत धरू नका. कडा १५ मीटरचा असेल तर तो दोन रेषांच्या मधल्या गाळ्यात पूर्ण लपू शकतो. नकाशावर सौम्य उतार दिसेल आणि जागेवर गेल्यावर पुढे वाट नसेल. सह्याद्रीच्या बेसॉल्टच्या थरांत असे पायरीसारखे छोटे कडे जागोजागी आहेत.

दोन एकर रानाचा उतार टोपोशीटवर का दिसत नाही

"माझ्या दोन एकरांत शेततळं कुठे घेऊ?" असं विचारून जेव्हा टोपोशीटचा फोटो येतो, तेव्हा आम्ही नकाशा बाजूला ठेवायला सांगतो. यामागे काम मिळवण्याचा हेतू आहे असं वाटू नये, म्हणून हिशेब देतो. दोन एकर म्हणजे सुमारे ८,१०० चौरस मीटर, चौकोनी धरलं तर बाजू ९० मीटर. १:५०,००० वर ती १.८ मिलिमीटर भरते, तांदळाच्या दाण्याच्या रुंदीएवढी. रानाला २ टक्के उतार असेल तर दोन शेजारच्या कंटूरमध्ये १,००० मीटर, म्हणजे कागदावर २ सेंटिमीटर अंतर पडतं. तुमच्या रानातून एकही रेषा जाण्याची शक्यता कमीच. आणि ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोलीचं शेततळं ठरवायचं तर २० मीटरच्या रेषेचा उपयोग काय? तिथे अर्ध्या मीटरचे कंटूर लागतात, आणि ते जागेवर लेव्हल लावूनच निघतात.

टोपोशीट आम्हाला त्याआधीच्या कामासाठी हवी असते. तुमच्या रानाकडे पाणी कुठल्या डोंगरावरून येतं, वरचा ओढा कुठल्या घळीतून उतरतो, पाणलोटाची धार कुठून जाते, हे तिच्यावर फार छान दिसतं. ते आधी नीट वाचलं असेल तर आमची जागेवरची एक फेरी वाचते, आणि फेरीचा आकार आम्ही वेगळा लावतो, म्हणजे तुमचे पैसेही वाचतात.

तेव्हा फोटो पाठवताना आधी शीट खिडकीजवळ सपाट पसरा, घड्या हाताने दाबून घ्या आणि फोन सरळ वरून धरा. पहिला फोटो समासासह पूर्ण शीटचा काढा, म्हणजे शीट क्रमांक, रेषांतर आणि प्रमाणपट्टी आली. दुसरा तुमच्या जागेचा, पट्टी ठेवून, आणि त्यात आकडा लिहिलेल्या किमान दोन जाड रेषा आल्या आहेत ना ते पाठवण्यापूर्वी मोठं करून बघा. जागेवर पेनने गोल करू नका, त्याखाली नेमकी हवी ती रेषा झाकली जाते. शेजारी पेन्सिलचं टोक ठेवलं तरी पुरतं. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोऐवजी 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, नाहीतर दाटलेल्या रेषांचा तपकिरी डाग होतो.

असे दोन फोटो आले की दरी, सोंड आणि चढ यांचं उत्तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत देतो. पोकलेन ठरवायचा असेल तर तो त्यानंतर ठरवा.